दोन गंधारांमधली जागा

ब्लूज स्केल कागदावर मांडलं तर आपल्याला सा, कोमल ग, शुद्ध म, तीव्र म, प, कोमल नी एवढेच स्वर दिसतात. पण आल्बर्ट किंग ऐकताना आपण ज्या स्वराशी थबकतो, तो या यादीत नाहीच.

‘ए’ला सा मानू. गिटारच्या तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला कोमल गंधार मिळतो. तिथे तार आडवी ढकलली की ताण वाढतो, स्वर चढतो. शुद्ध गंधाराच्या अलीकडेच थांबायचं. सहावं फ्रेट वाजवून ताडून बघा, आपला स्वर किंचित खालीच हवा. बरेच वादक थेट तिथवर पोचतात, आणि मग ब्लूजच उरत नाही! डावखुरे किंग गिटार उलटं धरून बारीक तारा खाली खेचायचे, पण त्या मधल्या जागेवर नेमके थांबायचे.