प्रयोगाच्या अहवालाचे भित्तिपत्रक: एका नमुन्याचे परीक्षण

अहवाल वाचणारा खुर्चीत बसून, पाने मागेपुढे उलटत वाचतो. भित्तिपत्रक पाहणारा दीड मीटर अंतरावर, गर्दीत, दोन-तीन मिनिटे उभा असतो. त्यामुळे अहवालाचे भित्तिपत्रक करताना बराच मजकूर गाळावा लागतो. पण कोणता भाग गाळला यावर केवळ जागा वाचते असे नाही, कधी कधी निष्कर्षही बदलतो. हे कसे घडते ते एका उदाहरणावरून पाहू.

विद्यार्थ्यांच्या एका विज्ञान संमेलनात आम्ही 'शेवग्याच्या बियांनी पाण्याचे शुद्धीकरण' या विषयावरचे भित्तिपत्रक पाहिले. शेजारच्या टेबलावर त्याचा बारा पानी अहवाल होता, तोही वाचला. प्रयोगामागचे तत्त्व प्रसिद्ध आहे. पाण्यातील मातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण विद्युतभार असल्याने ते एकमेकांना दूर ढकलतात आणि तरंगत राहतात. शेवग्याच्या बियांतील काही प्रथिनांवर धन विद्युतभार असतो. बियांची पूड घातली की या प्रथिनांमुळे मातीच्या कणांच्या गुठळ्या होतात आणि त्या तळाशी बसतात.

विद्यार्थ्यांनी एकाच गढूळ पाण्याचे नमुने बीकरांत घेतले, त्यांत पुडीच्या वेगवेगळ्या मात्रा घातल्या, पाणी आधी जोरात व मग सावकाश ढवळले आणि तासभर स्थिर ठेवून वरच्या पाण्याचा गढूळपणा मोजला. प्रत्येक मात्रेसाठी तीन बीकर होते. एका गटातील तीन बीकरांत पूड घातलीच नव्हती. सोयीसाठी आकडे पूर्णांकात देतो. सुरुवातीचा गढूळपणा १२० एकके (एनटीयू) होता. तासाभरानंतरची सरासरी अशी: पूड नसलेल्या बीकरांत ७२; लिटरला ५० मिलिग्रॅम पूड घातली तेथे ३१; १०० ला १२; १५० ला ९; २०० ला १४ आणि २५० ला २२.

अहवालात हे सारे नीट मांडले होते. भित्तिपत्रकावर मात्र उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षणे, निष्कर्ष हे पाचही मथळे अहवालातल्याच क्रमाने उतरवले होते. साहित्याच्या यादीत बीकर, काचकांडी, तराजू हेही आले. एवढ्याने पत्रकाचा निम्मा भाग भरला. मग जागेसाठी कोष्टकातली पहिली ओळ, म्हणजे पूड न घातलेल्या बीकरांची, गाळली गेली. खाली ठळक अक्षरांत लिहिले होते: 'शेवग्यामुळे गढूळपणा ९३ टक्के घटला.'

येथेच खरी अडचण आहे. १२० वरून ९ वर येणे ही सुमारे ९३ टक्के घट खरीच. पण नुसते तासभर ठेवल्यानेही पाणी १२० वरून ७२ वर आले होते. एकूण १११ एककांच्या घटीतील ४८ एकके पूड न घालताही कमी झाली असती. शेवग्याचे श्रेय मोजायचे तर ७२ शी ९ ची तुलना हवी. ती घट सुमारे ८८ टक्के येते आणि तीही उत्तमच आहे. ज्या ओळीशिवाय दावा तपासताच येत नाही, ती ओळ काचकांडीसाठी जागा करायला गेली.

दुसरा दोष आकृतीचा. संगणकावर काढलेले त्रिमितीय स्तंभ दिसायला भरीव होते, पण स्तंभाची उंची पुढच्या कडेवरून वाचायची की मागच्या, हे कळत नव्हते. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संशोधकांनी १९८४ साली दाखवून दिले की, एका समान पट्टीवरील बिंदूंचे स्थान माणूस सर्वांत अचूक ओळखतो. कोन, क्षेत्रफळ व घनफळ यांच्या अंदाजात तो अधिक चुकतो. म्हणून येथे साधा बिंदूंचा आलेख हवा: आडव्या अक्षावर पुडीची मात्रा, उभ्या अक्षावर उरलेला गढूळपणा.

या आलेखात सरासरीऐवजी तीनही बीकरांचे तीन बिंदू दाखवावेत. त्याने एक गोष्ट लगेच उघड होते. १०० च्या मात्रेचे बिंदू १० ते १४ च्या दरम्यान होते, १५० चे ७ ते १२ च्या दरम्यान. दोन्ही गट एकमेकांत मिसळतात. तेव्हा '१५० ही सर्वोत्तम मात्रा' हे भित्तिपत्रकावरचे विधान तीन बीकरांच्या बळावर करता येत नाही. '१०० ते १५०' एवढेच म्हणता येते. त्यापुढे आलेख पुन्हा वर चढतो, कारण पूड जास्त झाली की मातीच्या कणांवर धनभाराचे आवरण बसून ते पुन्हा एकमेकांना दूर ढकलू लागतात. प्रयोगातली ही सर्वांत रंजक गोष्ट स्तंभांच्या गर्दीत हरवली होती. आलेखावर त्या जागी 'जास्त पूड, पुन्हा गढूळ' एवढे चार शब्द पुरेत.

तिसरा दोष शीर्षकाचा. 'शुद्धीकरण' हा शब्द प्रयोगाने सिद्ध केलेला नाही. पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या भारतीय मानकात गढूळपणाची स्वीकार्य मर्यादा १ एकक आहे; दुसरा स्रोत नसेल तर ५ पर्यंत चालते. येथे सर्वांत चांगली सरासरी ९ आली आणि जिवाणूंची तपासणी झालीच नव्हती. उभ्या अक्षावर ५ ची तुटक रेषा काढली असती, तर हे न सांगता दिसले असते. शीर्षक असे हवे: 'लिटरला १०० ते १५० मिलिग्रॅम शेवग्याची पूड गढूळपणा सर्वांत कमी करते, पण पाणी पिण्याजोगे होत नाही.'

निष्कर्ष असा मोठ्या अक्षरांत पुढे आणण्याचा आग्रह माइक मॉरिसन या संशोधक विद्यार्थ्याने २०१९ साली धरला. त्याच्या आराखड्यात मध्यभागी एकच ठळक वाक्य असते. हा विचार आम्हांला अर्धा पटतो. वाक्य ठळक आणि आकृती कडेला, असे झाले तर वाचकाने ते वाक्य निव्वळ विश्वासाने स्वीकारायचे. वरच्या चुकीच्या '९३ टक्के'लाही तो आराखडा तितकेच मोठे स्थान देईल. म्हणून निष्कर्ष वर आणि त्याचा पुरावा असलेला आलेख लगेच खाली, पत्रकाची जवळजवळ निम्मी जागा घेऊन, हे आम्हांला योग्य वाटते. कृतीसाठी तीन बीकरांची रेखाकृती पुरे: ढवळणे, स्थिर ठेवणे, मोजणे. तिच्याखाली 'प्रत्येक मात्रेस तीन बीकर' ही ओळ हवी. एका कोपऱ्यात मर्यादा लिहाव्यात. कोष्टके आणि साहित्याची यादी अहवालात राहू द्यावी व अहवाल टेबलावर ठेवावा.

अक्षरे पुरेशी मोठी आहेत की नाही, हे छापण्याआधीच कळते. ए-१ आकाराचे पत्रक (८४१ × ५९४ मि.मी.) ए-४ वर उतरवले की लांबी सुमारे २.८ पटींनी कमी होते. हा कागद अर्ध्या मीटरवर धरून वाचणे म्हणजे मूळ पत्रक १.४ मीटरवरून वाचणे. आलेखाच्या अक्षांवरील आकडेही त्या अंतरावरून वाचता आले पाहिजेत; बहुधा तेच सर्वांत बारीक राहिलेले असतात.

शेवटी आलेख सोडून बाकी सारे कागदाने झाकावे आणि प्रयोग ठाऊक नसलेल्या विद्यार्थ्याला विचारावे, 'यातून काय कळते?' 'थोड्या पुडीने पाणी निवळते, जास्त झाली की पुन्हा गढूळ होते, आणि काहीच न घातले तरी थोडे निवळते,' एवढे त्याने सांगितले, तर आकृतीचे काम झाले. यातले जे त्याला सांगता येणार नाही, तेवढ्यापुरतीच आकृती पुन्हा काढावी; मजकूर वाढवू नये.