दादाची फिरकी की दादाची ढील?

परवा मामेबहिणीने एक फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "तुझा विषय शब्दांचे दोन अर्थ हाच आहे ना? मग कॅप्शन तपासून दे. तिळगूळ घ्या गोड गोड बोला सोडून काहीही चालेल." पीएचडीचा असा उपयोग पहिल्यांदाच होत होता, म्हणून थिसिसचं प्रकरण बाजूला ठेवून बसले.

फोटो येवल्याच्या गच्चीवरचा, संक्रांतीच्या दुपारचा. लहानपणापासून हिचं काम एकच, मागे उभं राहून दोरा सोडायचा. पतंग दादाच्या हातात. यंदा पहिल्यांदा उलट झालंय. दोरा हिच्या बोटांत, आणि मागे दादा आसारी धरून उभा. दोरा ताठ नाही, मध्ये छान झोळ पडलाय.

तिने दोन कॅप्शन्स पाठवली होती. पहिलं: "गोड बोलून गळा कापला!" हे मी लगेच खोडलं. श्लेष व्याकरणात बसतो, पण नायलॉन मांजाने दुचाकीवरच्या माणसाचा गळा चिरल्याची बातमी दर संक्रांतीला असते. हरित लवादाने 2017 मध्ये बंदी घातली, तरी असते. वाचणाऱ्याच्या डोक्यात तो तिसरा अर्थ आधी येणार, आणि तो आला की हसू संपलं. तिचा दोरा साधा सुती आहे, हे फोटोत कुणाला दिसणार?

दुसरं: "गोड बोलून दादाची फिरकी घेतली!" हे वाचून मी खरंच हसले. मग पुन्हा फोटो पाहिला, आणि गडबड लक्षात आली.

इथे थोडं संशोधन. काओ, लेव्ही आणि गुडमन यांचा 2016 चा एक पेपर आहे, इंग्रजी शाब्दिक कोट्यांवर. त्यांनी दोन गोष्टी मोजल्या. एक, वाक्याचे दोन्ही अर्थ साधारण सारखेच शक्य वाटतात का? दोन, त्या दोन अर्थांना वाक्यातले वेगवेगळे शब्द आधार देतात का? पहिल्या मापाने कोटी आणि साधं वाक्य वेगळं ओळखता येतं. पण कोट्यांमध्ये जास्त गमतीची कोणती, हे दुसऱ्या मापाने कळतं. म्हणजे नुसती संदिग्धता पुरत नाही, प्रत्येक अर्थाला स्वतःचा साक्षीदार लागतो.

त्यांची वाक्यं फोटोशिवायची होती. कॅप्शनमध्ये मात्र एक साक्षीदार चित्रातच उभा असतो, असं माझं म्हणणं. पतंगाचा अर्थ फोटोने सांभाळायचा, माणसांचा अर्थ "गोड बोलून" ने. म्हणूनच ठरलेली शुभेच्छा या फोटोखाली निर्जीव वाटते, कारण तिच्यात पतंगाशी जुळणारा शब्दच नाही.

आता "फिरकी घेतली" तपासा. थट्टा केली हा अर्थ बरोबर. पण शब्दशः अर्थ होतो, हिने दादाच्या हातातली फिरकी घेतली. फोटोत तर फिरकी दादाकडेच आहे! साक्षीदार उलटला. मग "दादाने फिरकी घेतली" करून पाहिलं. आता फोटो खरा ठरतो, पण थट्टा करणारा दादा होतो, आणि सगळी गोष्टच फिरते. "ची" आणि "ने" एवढ्यावरच अडलं. शिवाय मामीने मागून ओरडून सांगितलं, "फिरकी काय, आसारी म्हण की!" येवल्यात फिरकी म्हणतच नाहीत. म्हणजे घरच्याच वाचकांसाठी अर्धा श्लेष आधीच कटलेला.

(आसारी घेतली असं लिहून पाहू नका. कुणाचीही थट्टा होत नाही.)

बहीण जरा हिरमुसली. तिला थट्टा नको होती मुळात. "इतकी वर्षं मागितला पतंग, यंदा मिळाला, ते यायला पाहिजे," म्हणाली. हे आधी सांगितलं असतं तर! मग दोघींनी मिळून केलं ते असं:

"जरा गोड बोलले, दादाने ढील दिली."

फोटोत दोऱ्याचा झोळ दिसतो आणि आसारी दादाकडे आहे, म्हणजे ढील खरोखर त्यानेच दिलीय. घरातही त्यानेच दिलीय. कर्ता एकच, क्रियापद एकच, दोन्ही अर्थ खरे. "फिरकी" पेक्षा हे कमी हसवतं, हे मान्य. आणि ज्याने कधी पतंग उडवला नाही त्याला झोळ दिसेल, पण ढील कळणार नाही. "जरा" मात्र खोटं आहे. ती तीन दिवस गोड बोलत होती, मामीने सांगितलं. ते मी राहू दिलं.

कॅप्शन टाकल्यावर दादाची पहिली कमेंट: "पुढच्या वर्षी खेच."