‘ना’ आणि ‘व’ : एका पालक-प्रश्नावलीची भाषा

एका शाळेने पालकांस दिलेल्या प्रश्नावलीतील पहिलाच प्रश्न असा आहे : ‘शाळेच्या सूचना आपणांस वेळेवर व स्पष्ट शब्दांत मिळतात ना?’ येथील ‘ना’ माहिती विचारीत नाही, होकार मागतो. शिक्षकांची भीड बाळगणारा पालक तो नाकारणार कसा? ‘व’चा दोष अधिक सूक्ष्म आहे. सूचना वेळेवर आली, परंतु उमगली नाही, अशा पालकाने ‘होय’ लिहिले काय किंवा ‘नाही’ लिहिले काय, नेमके काय सुधारावे हे शाळेस कळत नाही. ‘ना’च्या जागी ‘का’ घालून भागणार नाही. ‘मागील सहलीची सूचना किती दिवस आधी मिळाली?’ आणि ‘ती वाचून सर्व समजले, की पुन्हा विचारावे लागले?’ असे दोन प्रश्न हवेत. पहिल्याखाली ‘मिळालीच नाही’ हाही पर्याय छापावा. एरवी असा पालक रकाना कोरा सोडतो आणि मोजणीतून गळतो.