भयपट, एकट्याचा प्रवास आणि शिडाची होडी

तीन प्रश्न आहेत. भयपट आवडतात का? दुसऱ्या एखाद्या देशात कधी एकट्याने फिरणं झालंय का? आणि सगळं सोडून शिडाच्या होडीवर राहायला गेलं तर मजा येईल, नाही का?

हे प्रश्न ओकेक्युपिड या अमेरिकन डेटिंग संकेतस्थळावरचे. हार्वर्डमध्ये शिकलेल्या चार मित्रांनी २००४ साली ते सुरू केलं. त्यांच्यापैकी ख्रिश्चन रडर यांनी २०११ साली, तिथे भेटून जमलेल्या जोडप्यांची उत्तरं तपासली. या तिन्ही प्रश्नांवर ३२ टक्के जोडप्यांमध्ये दोघांचं उत्तर एकच निघालं. रडर यांच्या हिशेबाने, निव्वळ योगायोगाने जितकं जुळलं असतं, त्याच्या हे ३.७ पट होतं. देव मानतोस का, मुलं हवीत का, पैसा कसा वापरतोस, हे भारदस्त प्रश्नही त्या संकेतस्थळावर होते. तरी लक्षात राहिले ते हे तीन.

गेल्या वर्षी एका नव्या ॲपसाठी मराठी प्रश्न लिहायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हापासून मी हे प्रश्न पुन्हापुन्हा वाचते आहे. माझा पहिला खर्डा चाळीस प्रश्नांचा होता. मैत्रिणीच्या मुलीने तो भरायला घेतला, अकराव्या प्रश्नाला फोन उलटा ठेवला आणि म्हणाली, ‘मावशी, हा प्रवेश अर्ज आहे गं.’ तिचा अंगठा जिथे अडला तो प्रश्न मी बघितला: ‘आपण नात्यात प्रामाणिक असता काय?’ याचं उत्तर ‘नाही’ असं कोण देणार? शंभरातले नव्व्याण्णव जण एकच उत्तर देणार असतील, तर त्या प्रश्नातून दोन माणसांमधला फरक कळत नाही. शिवाय विचारणाऱ्याला कोणतं उत्तर हवंय ते वाचताक्षणी कळतं. परीक्षेचा वास येतो तो इथून.

आता भयपटाचा प्रश्न घ्या. त्याला बरोबर उत्तरच नाही. ‘हो’ म्हणणारा शूर ठरत नाही आणि ‘नाही’ म्हणणारी भित्री ठरत नाही, म्हणून दोघंही खरं सांगतात. उत्तर द्यायला विचार करावा लागत नाही, आठवण पुरते. आणि त्या छोट्या उत्तराच्या मागे बरंच काही उभं असतं: मुद्दाम भीती अंगावर घ्यायची हौस, शनिवारची रात्र कशी जाणार याचं चित्र, शेजारी बसलेल्याचा हात घट्ट धरायची तयारी.

दुसरा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. तो आवड विचारत नाही, घडलेली गोष्ट विचारतो. ‘तुला साहस आवडतं का?’ असं विचारलं तर माणूस स्वतःबद्दलचं मत सांगतो. ‘एकट्याने फिरणं झालंय का?’ असं विचारलं तर एक रेल्वे स्टेशन आठवतं किंवा आठवत नाही.

तिसरा मला सगळ्यांत आवडतो. सर्वेक्षणाच्या नियमाने तो चुकीचा आहे, कारण ‘मजा येईल, नाही का?’ म्हणजे उत्तर तोंडात घालणं झालं. पण इथे होडीबद्दलचं मत कुणालाच नको आहे. कुणी एक अशक्य कल्पना मांडली की हा माणूस तिच्यासोबत दोन पावलं जातो, की ‘आणि घराच्या हप्त्यांचं काय?’ म्हणून थांबतो, एवढंच बघायचं आहे. त्यासाठी ते लाडिक ‘नाही का’ लागतंच. ते काढून ‘होडीवर राहण्याबाबत आपले मत काय?’ असं केलं, तर स्वप्नाळू माणूसही हिशेब करायला बसेल.

पण प्रश्नांइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, उत्तराखालच्या दोन ओळींची रचना मला सुंदर वाटते. ओकेक्युपिडवर प्रत्येक प्रश्नाला तीन गोष्टी सांगायच्या असत. तुझं उत्तर काय, समोरच्याची कोणकोणती उत्तरं तुला चालतील, आणि हे तुला किती महत्त्वाचं आहे. दुसऱ्या गोष्टीमुळे आपण परीक्षार्थी उरत नाही, कारण निवडायचा हक्क आपल्याकडेही येतो. मला पसारा आवरायचा कंटाळा असेल आणि तरी जोडीदार टापटीप हवा असेल, तर ते सरळ सांगता येतं. तिसऱ्या गोष्टीला आकडे होते. मुळीच महत्त्वाचं नाही तर ०, थोडंसं १, बऱ्यापैकी १०, खूप ५० आणि अनिवार्य २५०. चढण मुद्दाम तीव्र ठेवलेली, कारण आवडीनिवडी आणि अटी यांच्यात तेवढंच अंतर असतं.

एक उदाहरण करून बघू. मृणाल आणि केदार ही कल्पित नावं. दोघांनीही तीन प्रश्नांना उत्तरं दिली: घरात पसारा किती चालतो, भयपट, एकट्याने प्रवास. मृणालच्या लेखी पसारा थोडासा महत्त्वाचा (१), भयपट बऱ्यापैकी (१०), प्रवास खूप (५०). एकूण ६१. केदारची पसाऱ्याची तऱ्हा तिला पटली नाही, बाकी दोन उत्तरं पटली. म्हणजे ६१ पैकी ६०, सुमारे ९८ टक्के. केदारच्या लेखी पसारा ५०, भयपट १, प्रवास १०. मृणालचं प्रवासाचं उत्तर त्याला चालत नाही, म्हणून ६१ पैकी ५१, सुमारे ८४ टक्के. आता या दोन अपूर्णांकांचा गुणाकार करून वर्गमूळ काढायचं. उत्तर येतं जवळजवळ ९१ टक्के.

साधी सरासरीही ९१ च आली असती, मग वर्गमूळ कशाला? एकाला दुसरा शंभर टक्के पसंत आणि दुसऱ्याला पहिला शून्य टक्के, असं धरा. सरासरी म्हणेल, निम्मं जमलंय. गुणाकार म्हणेल, शून्य. एकतर्फी पसंतीला जुळणं म्हणायचं नाही, हा निर्णय त्या वर्गमुळात आहे.

पुढची पायरी आणखी प्रामाणिक आहे. तीनच प्रश्नांवरून एवढा विश्वास ठेवायचा नाही, म्हणून १ भागिले दोघांनी सोडवलेल्या समान प्रश्नांची संख्या, एवढी चूक धरून ती वजा करत. इथे ३३ टक्के गेले आणि पडद्यावर दिसले सुमारे ५७. समान प्रश्न ५० झाले की फक्त २ टक्के कापले जातात. पहिल्याच दिवशी सगळं विचारण्याची गरज यामुळेच संपते. चार प्रश्नांनंतर दार उघडायचं, माणसं दिसू द्यायची. आकडा वाढवावासा वाटला की लोक आपणहून पुढचे प्रश्न सोडवतात, नको तो वगळतात, एखादं उत्तर खासगी ठेवतात. ‘४० पैकी ७’ अशी पट्टी वर लावलीत, की हीच मंडळी सलग मधला पर्याय दाबत सुटतात. ते ओळखणं सोपं आहे. उत्तरं एकसारखी येतात आणि प्रत्येकाला दोन सेकंदही लागत नाहीत. सगळ्यालाच ‘अनिवार्य’ म्हणणाऱ्यांचंही तसंच. प्रत्येक उत्तराला २५० दिले काय आणि १ दिला काय, गुणोत्तर तेच राहतं, म्हणजे त्या माणसाने महत्त्व सांगितलंच नाही असं होतं. अशा वेळी ‘अनिवार्य’ फक्त तीनदा वापरता येईल असं बंधन घालावं, असं माझं मत आहे.

मराठीत हे प्रश्न आणायला गेले तेव्हा होडी बुडाली. शिडाच्या होडीवर राहणं ही इथल्या बहुतेकांसाठी कल्पनासुद्धा नाही. मी लिहिलं, ‘नोकरी सोडून कोकणात जाऊन राहिलं तर मजा येईल, नाही का?’ चार जणांना विचारलं. दोघं लगेच सातबाऱ्यावर किती नावं आहेत ते सांगू लागले. मुंबई-पुण्यातल्या अनेकांसाठी कोकण हे स्वप्न नसून वडिलोपार्जित घर, आंब्याची कलमं आणि चुलत्यांशी अडलेलं बोलणं असतं. प्रश्न कल्पनेचा होता, तो वाटणीचा झाला. प्रवासाच्या प्रश्नाचंही असंच. परदेश म्हटलं की उत्तरात पासपोर्ट आणि पगार मिसळतो. ‘अनोळखी गावी एकट्याने मुक्काम झालाय का?’ असं केलं, तर मुलींच्या उत्तरात घरून मिळालेली परवानगी मिसळते. म्हणून मी ‘अजून नाही, पण जायचंय’ हा पर्याय जोडला, आणि मुलींनी तोच सर्वांत जास्त निवडला.

भाषेचाही प्रश्न आहे, तो इंग्रजीत उभाच राहत नाही. ‘आपणास भयपट आवडतात काय?’ हे तहसील कचेरीतून येतं. ‘तुला भयपट आवडतात का?’ हे शेजारच्या खुर्चीवरून येतं. पण ‘तू एकटा फिरलायस का’ म्हटलं की निम्म्या वाचकांना बाहेर काढलं. म्हणून वाक्य ‘तुला आवडतं का’, ‘तुला चालेल का’, ‘झालंय का’ अशा वळणाने न्यायचं. त्यात स्त्रीपुरुष भेद येत नाही आणि तिरकी रेघ मारून दोन रूपंही लिहावी लागत नाहीत.

या सगळ्याची मर्यादा खुद्द रडर यांनीच दाखवली. २०१४ साली त्यांनी सांगितलं की, प्रत्यक्षात ३० टक्के जुळणाऱ्या काही जोड्यांना मुद्दाम ९० टक्के असा आकडा दाखवला होता, आणि त्यांच्यात संभाषण पुढे सरकण्याचं प्रमाण वाढलं. म्हणजे आकड्यावरचा विश्वासही काम करतो. संशोधक सॅमॅन्था जोएल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये शंभराहून अधिक स्व-वर्णनांवरून पाहिलं, तेव्हा विशिष्ट व्यक्तीला विशिष्ट व्यक्ती आवडेल का हे आधी सांगता आलं नाही. प्रश्न नको त्या गाठी टाळू शकतात, ओढ निर्माण करू शकत नाहीत. आणि छोटी उत्तरं एकत्र आली की छोटी राहत नाहीत. २०१६ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी ओकेक्युपिडच्या सुमारे ७०,००० लोकांची माहिती, उत्तरांसकट, जाहीर करून टाकली होती. म्हणून जात, आजार, आधीची नाती यांचे प्रश्न पहिल्या पडद्यावर घालूच नयेत. जे साठवलं नाही ते फुटत नाही.

माझ्या यादीत आता आठ प्रश्न उरले आहेत. पहिला आहे, ‘घरातला सकाळचा पहिला चहा कोण करतं?’ पर्याय चार: मी, दुसरं कुणीतरी, जे कुणी आधी उठेल ते, चहा होतच नाही. खाली विचारलंय, समोरच्याचं कोणतं उत्तर तुला चालेल आणि हे किती महत्त्वाचं. मैत्रिणीच्या मुलीने तो सोडवला आणि फोन उलटा न ठेवता आतल्या खोलीत आईला विचारायला गेली. तुम्ही असे प्रश्न लिहीत असाल, तर छापण्याआधी ते घरात एकदा मोठ्याने विचारून बघा.