आत्याचे आलवण : एका जुन्या छायाचित्रातल्या लाल रंगाचा शोध

माझ्या चुलत बहिणीच्या दिवाणखान्यात गेल्या वर्षी एक मोठी तसबीर लागली. आमच्या घराण्याचे सर्वांत जुने छायाचित्र एका ठिकाणी देऊन तिने ते रंगवून आणले होते. पगडीला लाल, धोतराला शुभ्र, खणाच्या चोळ्यांना हिरवा आणि जांभळा असे रंग भरलेले होते. उजवीकडे जमिनीवर बसलेल्या वृद्ध बाईला काळी चंद्रकळा, चंद्रकळेला बोटभर लाल काठ आणि कपाळाला ठसठशीत कुंकू होते. पाहुणे आले की ताई आधी तिच्याकडेच बोट दाखवायची, कारण सगळ्या चित्रात तीच उठून दिसत होती.

मूळ छायाचित्र माझ्याकडे आहे. त्यात त्या बाईच्या कपाळावर कुंकू नाही. रंगवणाऱ्याने विचार केला असेल की बाकीच्या तिन्ही बायकांना आहे, तेव्हा हिचे पुसट झाले असणार. त्याने ते भरून दिले आणि एका विधवेला सुवासिनी केले. ही चूक हाताची नव्हती. छायाचित्र कसे वाचायचे, यातली ती चूक होती. त्या वाचनाबद्दल हा लेख आहे.

छायाचित्र वाड्याच्या चौकात काढलेले आहे. मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने, मोडीत, आठ माणसांची नावे डावीकडून लिहिलेली आहेत. आठव्या जागी नाव नाही, नुसते ‘आत्या’ एवढेच. माझे आजोबा त्यात पाचेक वर्षांचे दिसतात आणि त्यांचा जन्म 1913 चा, म्हणून छायाचित्र 1918 च्या आसपासचे धरायला हरकत नाही. हे साल कपड्यांसाठी जितके महत्त्वाचे, तितकेच काचेसाठीही महत्त्वाचे आहे.

त्या काळी छायाचित्र काचेवर निघे आणि त्या काचेची नजर आपल्यासारखी नव्हती. सुरुवातीच्या काचांना निळा, जांभळा आणि डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश एवढेच कळे. 1873 मध्ये फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने लेपात विशिष्ट रंगद्रव्ये मिसळून हिरव्या-पिवळ्यापर्यंत तिची नजर पोहोचवली. अशा काचेला ऑर्थोक्रोमॅटिक म्हणतात. लाल रंग मात्र तिलाही दिसत नसे. सगळे रंग ओळखणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा 1906 पासून बाजारात मिळत होत्या, पण छायाचित्रकार पुढे कित्येक वर्षे जुन्याच काचा वापरत राहिले. जुनी काच लाल दिव्याच्या उजेडात, डोळ्यांनी पाहत धुता येई. पॅनक्रोमॅटिक काचेला जवळजवळ पूर्ण अंधार लागे. ज्या काचेला लाल दिव्याने काही होत नाही, तिला लाल पातळही दिसणार नाही, हे उघड आहे. लाल वस्तू तिच्यावर काळी उमटते आणि निळी वस्तू पांढरटते.

आपल्या हातातले छायाचित्र अशा काचेवरचे आहे की नाही, हे ओळखण्यासाठी ज्यांचा रंग आपल्याला आधीच ठाऊक आहे अशा वस्तू त्यात शोधाव्यात. आमच्या छायाचित्रात पणजोबांच्या डोक्यावर पगडी आहे. तशी पगडी घरात पुष्कळ वर्षे जपलेली होती आणि ती लाल होती. शेजारी त्यांच्या धाकट्या भावाची गोल काळी टोपी आहे. छायाचित्रात या दोन्ही वस्तू जवळजवळ सारख्याच काळ्या आहेत. पणजीचे कुंकूही तितकेच काळे आहे. कुंकू कधीकधी छायाचित्रकार छापावर कुंचल्याने गडद करीत, म्हणून छाप तिरप्या उजेडात धरून पाहिला. कुंचल्याचा रंग असता तर तिथली चकाकी वेगळी दिसली असती, तशी ती दिसली नाही. पॅनक्रोमॅटिक काचेवर कुंकू त्वचेच्या बरेच जवळ जाते, असे ठार काळे राहत नाही. काच लालाला आंधळी होती, हे तीन वस्तूंनी मिळून सांगितले.

आता आत्याचे वस्त्र. छायाचित्र स्कॅन केले की संगणक प्रत्येक ठिपक्याची उजळता 0 ते 255 अशी मोजून देतो. टोपी 22, पगडी 26 आणि आत्याचे वस्त्र 38 भरले. हे आकडे फक्त याच छापापुरते आणि एकमेकांच्या तुलनेतच खरे आहेत. छाप फिका पडला की ते बदलतात. पण तुलना करायला ते पुरेसे आहेत.

तुलना उलट दिशेने करायची. मनातला रंग आधी भरायचा, मग त्यातला लाल अंश काढून टाकायचा आणि उरलेले मूळ छापाशी जुळते का ते पाहायचे. मी `Channel Mixer` मध्ये `Monochrome` निवडून लाल 0, हिरवा 50 आणि निळा 50 टक्के ठेवला. त्या काचेच्या नजरेची ही ढोबळ नक्कल आहे, पण कामाची आहे. पांढरे लुगडे या परीक्षेत पहिल्याच झटक्यात बाद होते, कारण ते उपरण्याइतके उजळ यायला हवे होते. गडद निळा भरून पाहिला, तर आकडा 67 आला, म्हणजे मूळच्या कितीतरी वर. लाल 125, हिरवा 42, निळा 34 असा विटकरी लाल भरला, तेव्हा नेमका 38 आला. पण विटलेला काळाही 38 वरच आला.

म्हणजे छायाचित्राच्या छटेने काही रंग बाद केले, पण लाल की काळा याचा निकाल दिला नाही. तो कपड्यानेच द्यायला हवा होता. रंगवणाऱ्याला छटा काळी दिसली आणि त्याने तिथेच चंद्रकळेचा निकाल लावून टाकला.

चंद्रकळेला काठ असतो. आत्याच्या वस्त्राला तो दिसत नाही. पण इथे घाई करता येत नाही, कारण काळ्या चंद्रकळेचा काठ लाल असेल तर त्या काचेवर काठ आणि अंग दोन्ही काळेच उमटतात आणि काठ नाहीसा होतो. म्हणून मी रंग सोडून विणीकडे पाहिले. काठ बहुधा जास्त घट्ट विणलेला किंवा रेशमी असतो. तो वेगळा दुमडतो आणि घडीच्या कडेला त्याची रेघ चमकते. पणजीच्या लुगड्यावर अशी रेघ भिंगातून स्पष्ट दिसते. आत्याच्या वस्त्राच्या मांडीवर पाच चुण्या आहेत आणि एकीवरही ती नाही. ते अंगभर एकाच विणीचे वस्त्र आहे.

बाकीचे पुरावे डोळ्यांसमोरच होते. पदर कपाळावर भुवयांपर्यंत ओढलेला आहे आणि केसांची रेघ कुठेही दिसत नाही. इतर बायकांच्या मानेमागे अंबाड्याचा फुगवटा आहे. आत्याच्या पदराखाली डोक्याचा आकार सरळ मानेपर्यंत उतरतो. मनगटात बांगडी नाही. पदराबाहेर आलेला उजवा दंड उघडा आहे, त्यावर चोळीची बाही नाही. केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेचे हे वर्णन आहे. अशी बाई नेसायची ते वस्त्र म्हणजे बिनकाठाचे तांबडे आलवण. लाल की काळा हा प्रश्न इथे सुटतो.

आज विधवा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पांढरे वस्त्र येते. ते बंगालकडून आणि हिंदी चित्रपटांतून आपल्या मनात इतके रुजले आहे की आमच्याच घरात आलवण हा शब्द तरुण मुलांना समजावून सांगावा लागला. महाराष्ट्रात सगळ्याच विधवा आलवण नेसत, असेही नाही. जातीप्रमाणे रिवाज वेगळे होते आणि पुढे केशवपन मागे पडले तसे आलवणही गेले. त्यामुळे हा निष्कर्ष मी या घरासाठी, या काळासाठी आणि या बाईसाठीच काढतो. 1940 नंतरच्या छायाचित्राला तो लावता येणार नाही.

रंग ठरला तरी भरताना आणखी एक फसगत होते. बहुतेक रंगवणारे `Color` या पद्धतीने रंग चढवतात. त्यात मूळ छापाची उजळता तशीच राहते आणि वर फक्त रंग बसतो. 38 उजळतेवर लाल चढवला की डोळ्यांना तो काळपट तपकिरीच दिसतो. पण काचेने लाल मुळात खोटा काळा केलेला आहे. मी भरलेला विटकरी माणसाच्या नजरेने मोजला तर 66 च्या आसपास भरतो. म्हणून आधी `Curves` वापरून तेवढाच भाग उजळ करावा लागतो आणि मग रंग भरावा लागतो. पगडी आणि कुंकवाचेही तेच. हा टप्पा गाळलेली जुनी छायाचित्रे ओळखणे सोपे आहे. त्यांतले सगळे लाल वाळलेल्या रक्तासारखे दिसतात. त्वचाही त्या काचेवर सावळी उमटते, कारण तिच्यातला लालसरपणा हरवतो, म्हणून चेहरेही थोडे उजळावे लागतात.

लालाची नेमकी छटा छायाचित्रातून मिळत नाही. मी विटकरी का घेतला, तर आत्याचे वस्त्र पगडीपेक्षा जरा उजळ आहे म्हणून. नवा, भडक लाल पगडीच्या जवळ गेला असता. सोवळ्यातले वस्त्र रोज धुतले जाई आणि रोज धुतलेले लाल असे उतरते. हा अंदाज आहे आणि छापाच्या मागे मी तो अंदाज म्हणूनच लिहिला आहे. छायाचित्रातल्या लहान मुलीचा परकर मात्र मी करडाच ठेवला. तो पांढरा असेल, आकाशी असेल किंवा फिका गुलाबीही असेल. तिन्ही रंग परीक्षेत उतरतात आणि त्यांतला एक निवडायला कपड्यात दुसरा काही पुरावा नाही. तो एक भाग बेरंग राहिलेला पाहणाऱ्याला खटकतो, आणि खटकायलाच हवा.

नवी प्रत घेऊन मी ताईकडे गेलो. तिने ती बराच वेळ पाहिली. “अरे, इतकी वर्षं कुणी तिच्याबद्दल एक शब्द काढला नाही,” ती म्हणाली. “आता भिंतीवर लावून सगळ्यांना दाखवायचं, की आमच्या घरात हिचे केस काढले होते?”

या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. छायाचित्रकार आला तेव्हा आत्याला कुणी आत पाठवले नव्हते. ती चौकात, सगळ्यांबरोबर, पण कडेला बसली होती, एवढे छायाचित्र सांगते. ती स्वतः बसली की बसवली, हे ते सांगत नाही. पण तिच्या कपाळावर जे नव्हते ते आपण लावले, तर तिचे जे झाले ते आपण पुसतो, आणि ज्यांनी केले त्यांचेही पुसतो. मी ताईला एवढेच सांगितले की भिंतीवर काय लावायचे ते तू ठरव, पण कुंकवाची प्रत लावणार असशील तर तिच्याखाली आमचे घराणे असे लिहू नकोस.

ताईने दोन्ही प्रती ठेवून घेतल्या. तूर्त त्या भिंतीवर खिळा आहे, तसबीर नाही.