अ‍ॅग्लोनेमाचं जानेवारीतलं पान

पावसाळ्यात कुठलंही झाड देखणं दिसतं. अ‍ॅग्लोनेमाचं पान वाचायचं तर जानेवारीत, आणि तेही वाकोल्यासारख्या ठिकाणी, जिथे थंडीला थंडी म्हणायलाही लोक कचरतात.

शेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेत जानेवारी 1962 मध्ये पारा 7.4 अंशांवर उतरल्याची नोंद आहे. एरवी पहाटे 15-16 अंश म्हणजे कडाका. अ‍ॅग्लोनेमाला नुसत्या गारठ्याची इजा होते ती जातीनुसार 13 अंशांच्या मागेपुढे. मग पानावर राखाडी, तेलकट डाग उमटतात. ते इथे क्वचितच दिसतात. इथे दिसते ती करपलेली कड.

ती कड नीट पाहावी. खिडकीकडच्या पानांची टोकं तपकिरी, कुरकुरीत. त्याच कुंडीतली आतल्या बाजूची पानं मात्र टवटवीत. एकाच बाजूला झालेली ही इजा वाऱ्याची. दुपारचा खारा वारा दमट असतो, पण पहाटे जमिनीकडून येणारा कोरडा असतो आणि स्लायडिंगच्या फटीतून नेमका पानांवर येतो. कुंडी दोन-तीन फूट आत सरकवावी, काच रात्री लावून घ्यावी. पडदा आणि काच यांच्या मधली जागा तर सर्वांत वाईट. एसीच्या झोताखालचं झाड हाच हिवाळा बारा महिने भोगतं, हे जाता जाता.

खरी गफलत पुढे होते. कुरकुरीत कड पाहिली की माणूस तांब्या उचलतो. पण या दिवसांत ऊन तिरपं आणि रात्र लांब, त्यामुळे वाढ मंदावलेली असते आणि मुळं पाणी हळूहळू ओढतात. त्यात नर्सरीतून आलेलं झाड बहुधा कोकोपीटमध्ये असतं. कोरड्या हवेत त्याचा वरचा थर फिका पडतो. खाली ते ओलंगच्च असतं. बोट दोन पेरं आत घालावं, किंवा कुंडी उचलून पाहावी. जड लागली तर पाणी नको.

सहा इंची कुंडीला ऑक्टोबरात तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी लागत असेल, तर आता आठ-दहा दिवसांनी पुरतं. वाढवायचं ते अंतर. पाणी मात्र तेवढंच, खालच्या भोकातून निथळेपर्यंत. रोज घोटभर घालण्याने वरची माती कायम ओली राहते, चिलटं होतात आणि तळाची मुळं एक तर कोरडी राहतात, नाही तर तिथे काय चाललंय ते कळत नाही. निथळलेलं पाणी ताटलीतून ओतून टाकावं.

जास्त पाण्याचं पान कुरकुरीत होत नाही. ते खालून पिवळं पडतं, लिबलिबीत होतं, आणि खोडाचा तळ दाबला तर मऊ लागतो. तेव्हा झाड बाहेर काढून सडकी मुळं कापायची आणि कोरड्या मिश्रणात लावायचं. खत मात्र नाही. ते होळीच्या सुमाराला, मधून नवी सुरळी वर आली की.