शीर्षक कापलं गेलं तर काय उरतं?

बीबीसीच्या वेबसाइटवरची शीर्षकं बरीच वर्षं ३१ ते ३३ कॅरेक्टरांत बसवली जात. याचं मूळ सीफॅक्समध्ये आहे. टीव्हीच्या पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या या सेवेत शीर्षकाला तेवढीच जागा असे आणि तेच शीर्षक वेबसाइटवरही जाई. २००९ मध्ये वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नीलसन यांनी या शीर्षकांचं भरभरून कौतुक केलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी बीबीसीने बातमीच्या पानासाठी ५५ कॅरेक्टरांपर्यंतचं वेगळं शीर्षक द्यायला सुरुवात केली. मुखपृष्ठावर छोटं शीर्षक कायम राहिलं.

मग चांगलं कुठलं, छोटं की मोठं? माझ्या मते प्रश्नच चुकतोय. मुखपृष्ठावर शीर्षकाला शेजार असतो. फोटो असतो, विभागाचं नाव असतं. तिथे ‘मंत्र्यांचा राजीनामा’ एवढं पुरतं. शोधनिकालात मात्र ते अनोळखी पानांच्या रांगेत एकटं उभं असतं आणि शोधणाऱ्याने टाइप केलेलं असतं एखादं नाव. वाढलेली जागा त्या नावांसाठी होती, सजावटीसाठी नव्हे.

आपल्याकडे नेमकं उलटं होतं. समजा, लेखाचं शीर्षक आहे: ‘परदेशातल्या मराठी माणसांच्या संस्थात्मक जीवनाचा मागोवा: महाराष्ट्र मंडळ लंडन’. हे ‘मागोवा’च्या आसपास तुटलं, तर ज्या नावासाठी वाचक आला तेच गायब. त्याऐवजी ‘महाराष्ट्र मंडळ लंडन १९३२ मध्ये कसं सुरू झालं?’ असं लिहिलं, तर शेवटचे दोन शब्द गेले तरी विषय हातात राहतो. शिवाय हे वचन तपासता येतं. लेखात स्थापनेबद्दल एकच वाक्य असेल आणि बाकी सगळं आजच्या गणेशोत्सवावर असेल, तर शीर्षक खोटं आहे. मग शीर्षक तरी बदला, नाहीतर लेख.

‘साठ कॅरेक्टरांत बसवा’ हा इंग्रजीतला सल्ला देवनागरीला जसाच्या तसा लागू पडत नाही. ‘महाराष्ट्र’ या शब्दात डोळ्याला चार अक्षरं दिसतात: म, हा, रा, ष्ट्र. संगणक मात्र काना आणि हलन्त वेगळे धरून दहा मोजतो. गूगल तर मोजतच नाही. पडद्याच्या रुंदीत मावेल तेवढं दाखवतं आणि कधीकधी आपलं शीर्षक बाजूला ठेवून पानावरचं दुसरं एखादं वाक्य उचलतं. त्यामुळे आकड्यावर विसंबून चालत नाही, फोनवर शोधून पाहावं लागतं.

त्याआधी एक सोपी चाचणी करता येते. शीर्षकाचा शेवटचा एक तृतीयांश भाग हाताने झाका. उरलेल्या शब्दांतून कोणाबद्दल आणि काय हे कळलं, तर शीर्षक जमलं. फक्त ‘मागोवा’, ‘वेध’, ‘एक दृष्टिक्षेप’ असलेच शब्द उरले, तर कापायला गूगलची गरजच नव्हती.